आक्काचे अकरा रुपये

आक्काला कुणी विचारलं, की बाई तू राहतेस कुठे, तर ती सांगायची, "माझ्या खोलीवर." त्यातल्या 'माझ्या'वर ती इतका जोर द्यायची, की ऐकणाऱ्याला वाटावं बाईचा बंगला असेल. होती मात्र एक खोली. मागे कपाटांची गोदामं, पुढे पत्र्याचं झाकण असलेली पाण्याची टाकी, आणि मध्ये ही. खिडकीखाली मशीन, भिंतीला कापडाचे गठ्ठे, कोपऱ्यात एक शेगडी. झोपायला उरलेली जागा एवढीच, की कूस बदलताना पाय मशीनच्या पायट्याला लागायचा.

ही खोली तिने साठीला टेकल्यावर घेतली. नवरा गेल्यावर मुलाकडे होती तेव्हा तिचं तसं काही वाईट चाललं नव्हतं, हेही खरं सांगायला हवं. सूनबाई वेळेवर जेवायला वाढायची, उलट बोलायची नाही. फक्त मशीनचा आवाज तिला सोसायचा नाही. "आई, दोरे पायाला चिकटतात," म्हणत मशीन आधी हॉलमधून आतल्या खोलीत गेलं, मग बाल्कनीत गेलं, आणि एक दिवस त्याच्यावर जुनी चादर पडली. मुलगा म्हणाला, "तुला इथे काय कमी आहे?" कमी काहीच नव्हतं. पण चाळीस वर्षं जी बाई स्वतःच्या पैशाने स्वतःची चप्पल घेत आली, तिला चप्पल तुटली हे मुलाला सांगायची वेळ यावी, हे तिला सलत राहिलं. तिने मशीनवरची चादर काढली, हातगाडी बोलावली आणि खोली गाठली. भाडं चुकलं तर परत त्या बाल्कनीत जायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बाकी कशाची तिला भीती नव्हती.

काम दिलं धाकटीने. धाकटी म्हणजे आक्काची पाठची बहीण. तिचं डोकं लहानपणापासून तल्लख, आणि जीभ त्याहून. तिनेच शोध लावला, की लोक पाण्याच्या बाटल्या तर महागातल्या घेतात, पण त्या गळ्यात अडकवायला कापडी पिशवी मिळत नाही. आतून जाडसर अस्तर, वर सुती कापड, आणि खांद्याला पट्टा. आक्काने एक शिवून दाखवली. धाकटीने ती उलटीसुलटी करून पाहिली, पट्टा दोन्ही हातांनी ओढून पाहिला. पट्टा हलला नाही. जिथे ओढ बसते तिथे आक्का मागेपुढे तीनदा टाका मारायची, कुणी बघो न बघो.

भांडवल धाकटीच्या नवऱ्याने घातलं, फोनवरचं सगळं धाकटीने सांभाळायचं, आणि आक्काला पिशवीमागे सोळा रुपये मजुरी. लोक फोनवरून ज्या साइटवर पिशव्या मागवायचे, तिथे पत्ता आक्काच्या खोलीचा दिला, कारण माल तिथेच असायचा. पार्सल तिथून उचलायचं, परत आलं तर तिथेच टाकायचं. धाकटीने एक कार्डही छापून घेतलं. त्यावर मशीनचं चित्र आणि खाली अक्षरं: 'आक्काच्या हातची'. प्रत्येक पिशवीत एक कार्ड. "लोकांना असलं आवडतं," धाकटी म्हणाली. आक्का लाजली, पण पहिलं कार्ड तिने मशीनवरच्या आरशाच्या कडेला खोचून ठेवलं.

आता किंमत. इथेच सगळ्यांचं घोडं पेंड खातं.

धाकटीने सरळ बेरीज मांडली. कापड, अस्तर, पट्टा मिळून अडतीस. आक्काचे सोळा. कार्डाचा एक. पाकिटाचे पाच. साइटचा ऑर्डरमागे ठरलेला आकार, म्हणजे फी, बारा. पोचवायचे पंचावन्न. पिशवीचं वजन मूठभर, पण साइटवाले अर्ध्या किलोच्या खाली मोजतच नाहीत. पिसाला आणि अर्ध्या किलो साखरेला भाडं एकच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हा. बेरीज झाली एकशे सत्तावीस. साइटचं कमिशन करासकट पंधरा टक्के आणि आपला नफा पंधरा टक्के, मिळून तीस टक्के वर चढवले, झाले एकशे पासष्ट. धाकटीने एकशे एकोणसत्तर लावले आणि म्हणाली, "चार रुपये वरकड."

पिशव्या खपल्या, चांगल्या खपल्या. आक्काचा पाय पायट्यावरून उतरेना. पहिले काही महिने भाडं वेळेच्या आधी गेलं, तिने नवी चप्पल घेतली, आणि नातीला एक पिशवी शिवून पाठवली, मुद्दाम, निळ्या कापडाची. सूनबाईचा फोन आला, "छान आहे हो आई." आक्का त्या दिवशी मशीनवर गुणगुणत होती.

आणि एक दिवस दुपारी धाकटी आली ती चपला न काढताच आत आली. तिचा नवरा बँकेतले पैसे बघून आला होता. एवढा माल गेला आणि खात्यात भांडवल होतं तेवढंच.

"कुठे गेले पैसे?" आक्काने विचारलं.

"तेच कळत नाहीये. ह्यांना वाटतंय मी कुठेतरी उडवले."

दोघी खाली बसल्या. पार्सलच्या खोक्याचा एक पुठ्ठा फाडून धाकटीने त्यावर आकडे मांडले. आधी तिला स्वतःची चूक सापडली, आणि सापडली तेव्हा तिने कपाळाला हात लावला. कमिशन साइट आपल्या खर्चावर घेत नाही, विकल्या किमतीवर घेते. एकशे सत्तावीसवर नाही, एकशे एकोणसत्तरवर. पोचवायचे जे पैसे किमतीत घातले, त्याच्यावर कमिशन. आपला नफा घातला, त्याच्यावरही कमिशन. म्हणजे वर चढवून भागत नाही, वरून खाली उतरत यावं लागतं.

"आणि हे?" आक्काने कोपऱ्याकडे बोट केलं.

कोपऱ्यात परत आलेल्या पिशव्यांचा ढीग होता. धाकटीने त्यांना हिशेबात धरलंच नव्हतं, कारण पैसे परत गेले, पिशवी परत आली, फिट्टंफाट, असं तिला वाटलं होतं. ते फिट्टंफाट नव्हतं. जातानाचे पंचावन्न गेले ते गेलेच. येतानाचे पासष्ट आपल्याच माथी. पाकिटाचे पाच गेले. आणि आलेल्या पिशव्यांतल्या निम्म्या ओलसर, डाग पडलेल्या, कुणी चार दिवस वापरून पाठवलेल्या; त्या पुन्हा विकता येत नाहीत, त्यांचंही नुकसान. एक पिशवी परत आली, की दीडशेला बांबू. शंभर पाठवल्या तर दहा परत. म्हणजे पंधराशेचा खड्डा, आणि तो भरायचा ज्या नव्वद राहिल्या त्यांनी. प्रत्येकीवर सतरा.

"एकशे सत्तावीस आणि सतरा, एकशे चव्वेचाळीस," धाकटी म्हणाली. "एकशे एकोणसत्तरावर कमिशन पंचवीस."

आक्काला बेरीज तोंडी यायची. "एकशे एकोणसत्तर," ती म्हणाली. "मग उरलं काय?"

"काही नाही. इतके महिने आपण लोकांना पिशव्या वाटल्या."

"तू वाटल्यास," आक्का म्हणाली. "मला माझे सोळा मिळाले." ती हसली. हे वाक्य तिच्या बहिणीच्या मनात जाऊन बसलं, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं नाही.

बरोबर किंमत काढायला मग वेळ लागला नाही. कमिशन पंधरा, नफा पंधरा, म्हणजे किमतीतले तीस टक्के आधीच गेले. उरलेल्या सत्तर टक्क्यांत एकशे चव्वेचाळीस बसले पाहिजेत. त्याला सत्तराने भागून शंभराने गुणलं तर दोनशे सहा. धाकटीने दोनशे नऊ लावून पाहिले. आठवडाभर दारावर पार्सलवाला फिरकला नाही. तशीच पिशवी दुसरे लोक दोनशेच्या आत देत होते, आणि दोनशेचा आकडा दिसला की माणूस बोट पुढे सरकवतो. पिशवी काय, कापडाचा तुकडाच तो शेवटी.

तेव्हा धाकटीने हिशेब पुरता उलटा केला. किंमत एकशे नव्याण्णव, ती लोकांनी ठरवली. तिथून खाली यायचं. तीस कमिशनचे, तीस नफ्याचे, उरले एकशे एकोणचाळीस. पंचावन्न पोचवायचे, बारा आकाराचे, पाच पाकिटाचे, सतरा परतीचे, उरले पन्नास. कापडाचे अडतीस, कार्डाचा एक.

पुठ्ठ्यावर अकरा उरले. पुढे काही राहिलं नव्हतं, फक्त शिवणारी.

धाकटी पेन्सिलीशी चाळा करत बसली. आक्काने पुठ्ठा आपल्याकडे ओढला, वरपासून खालपर्यंत वाचला. साइट ऐकणार नाही. पोचवणारा ऐकणार नाही. कापडवाला तर उधारीसुद्धा देत नाही. मग तिचं बोट नफ्याच्या तिसावर थांबलं.

"ह्यातले पाच काढ," ती म्हणाली. "पंधरा टक्क्यांचे साडेबारा कर. माझे सोळा राहतील."

"त्याला हात लावायचा नाही."

"का?"

"ह्यांचं भांडवल आहे, आक्का. पंधराच्या खाली करायचं नाही म्हणालेत. नाहीतर बंद करा म्हणालेत."

"आणि माझ्याला हात लावला तर चालतो?"

"तू घरातली आहेस," धाकटी म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं. तिच्या आवाजात खोट नव्हती. हेच त्यातलं वाईट. परका असता तर दोन शब्द सुनावता आले असते.

आक्काने त्या दिवशी भाड्याचा विचार केला. सोळाने महिना आरामात निघायचा. अकराने भाडं जेमतेम निघेल, पण त्यासाठी अंधार पडेपर्यंत बसावं लागेल, आणि चप्पल, औषध, नातीचा खाऊ यातलं काहीतरी सोडावं लागेल. काम सुटलं तर मात्र सगळंच सुटेल. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण तिने शंभरदा दुसऱ्यांना ऐकवली होती.

"बरं," ती म्हणाली. "पण परत येणाऱ्या कमी झाल्या, की माझे सोळा मला परत."

"अगं म्हणजे काय," धाकटी म्हणाली. "तेवढंही करणार नाही का मी?"

मग आक्का कामाला लागली. कोपऱ्यातला ढीग तिने एकेक करून पाहिला. परत पाठवणाऱ्याने कारण दिलेलं असतं, ते पाकिटावर चिकटवलेलं येतं. शिवणीची तक्रार एकही नव्हती, आणि हे वाचताना तिची मान जरा ताठ झाली. सगळ्यांचं रडगाणं एकच: बाटली बसत नाही, नाहीतर बाटली आत खुळखुळते. कुणाची बाटली बारीक उंच, कुणाची बुटकी जाड. पिशवी एक आणि बाटल्या छप्पन्न.

तिने दोन दिवस काहीच शिवलं नाही. शेजारच्या गोदामवाल्याकडून, टाकीवर पाणी भरायला येणाऱ्या बायकांकडून, मिळतील तिथून बाटल्या मागून आणल्या आणि खोलीत ओळीने मांडल्या. मग तिने पिशवीच्या तोंडाशी नेफा घातला आणि त्यातून दोरी ओवली. दोरीसाठी नवा पैसा नको. पट्ट्याचं कापड कापताना जी कड वाया जायची तिचीच वळली. बुडाशी दोन चुण्या घेतल्या. आता बाटली बारीक असो की जाड, दोरी ओढली की पिशवी तिला धरून बसायची. काम वाढलं. एका पिशवीला जितका वेळ लागायचा त्याच्यावर पाव वेळ आणखी. पण आक्काने मनाशी म्हटलं, चार महिने कळ काढू.

आणि तसंच झालं की. परत येणाऱ्या पिशव्या शंभरात दहाच्या सहा झाल्या. दाराशी परतीची पाकिटं घेऊन येणारा माणूस म्हणाला, "आक्का, हल्ली तुमच्याकडे यावंच लागत नाही." तिने त्याला चहा पाजला.

धाकटी आली तेव्हा आक्काने बेरीज तयार ठेवली होती. "सहाला नऊशे. ते चौऱ्याण्णवांवर टाक. प्रत्येकीवर दहा पडतात. आधी सतरा पडत होते. सात वाचले बघ. त्यातले पाच माझे, दोन तुला ठेव."

धाकटीने आक्काच्या हातात फोन दिला. साइटवर पिशवीची किंमत एकशे एकोणनव्वद दिसत होती.

"हे कधी केलंस?"

"परवा. दुसऱ्यांनी एकोणनव्वद केले, आक्का. आपण नव्याण्णवला राहिलो तर कोण घेणार? दहा उतरवले, पण त्यातले तीस टक्के कमिशनचे आणि नफ्याचे कमी झाले, म्हणजे आपल्याला झळ सातचीच बसली." तिने समजूत घातल्यासारखं सांगितलं. "आणि परतीत तेवढेच सात वाचले होते ना. म्हणून तर जमलं."

आक्काने फोन खाली ठेवला. खाली उरलेला आकडा तिला कुणी सांगायची गरज नव्हती. सत्तर टक्के म्हणजे एकशे बत्तीस, त्यातून पंचावन्न, बारा, पाच, दहा, उरले पन्नास. कापड आणि कार्ड एकोणचाळीस. राहिले अकरा. तिची अक्कल, तिची दोरी, चार महिन्यांची तिची पाठ, हे सगळं घालून तिने मोजून सात रुपये कमावले होते, आणि ते सात धाकटीने कुणा अनोळखी माणसाला सूट म्हणून देऊन टाकले होते. आयजीच्या जिवावर बायजी उदार.

"नफा किती धरलास?" तिने विचारलं.

"पंधराच."

"तो नाही हलला."

"आक्का, तुला सांगितलंय मी—"

"हो, सांगितलंयस. तू पहिल्यापासून सांगतेयस, मीच ऐकत नव्हते." आक्का उठली आणि मशीनवरचं कापड घडी करू लागली. "सोळाला शिवीन. दोरीचे वेगळे मागत नाही. सोळा नसतील तर कापड घेऊन जा."

तिला वाटलं धाकटी बसेल, रडेल, नवऱ्याशी बोलते म्हणेल. धाकटीने कापडाचे गठ्ठे मोजायला घेतले. ते रिक्षात चढवताना तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते आक्काने ओळखलं. सुंठीवाचून खोकला गेला होता. शहराबाहेरच्या शेडमध्ये बायका नऊ रुपयांत शिवून देतात, हे आक्काला मागाहून कळलं, धाकटीला आधीच ठाऊक होतं. फक्त बहिणीला नको कसं म्हणायचं, एवढंच तिला जमत नव्हतं.

आक्का मग ब्लाउज, उसवलेल्या पँटी, पडद्यांच्या कडा, मिळेल ते शिवू लागली. एका महिन्याचं भाडं कसंबसं निघालं. दुसऱ्याचं अर्धं राहिलं. घरमालक भला होता, तो रोज नुसता टाकीपाशी येऊन उभा राहायचा.

आणि पिशव्या यायला लागल्या.

पत्ता बदलायचा राहून गेला होता. नवा माल शेडमधून जायचा, पण परत आलेला माल जुन्या पत्त्यावर, आक्काच्या दारात. पहिल्या दिवशी दोन आल्या, मग पाच, मग पोतं. तिने एक उघडली. नेफा तिचाच, दोरी तिचीच, चुण्या तिच्याच. पट्टा मात्र हातात आला. तिथे एकच टाका मारला होता, सरळ, मागेपुढे न करता, धावत्या मशीनचा. आक्काला त्या टाक्यावरून ती बाई दिसली. नऊ रुपयांत पोट भरायचं तर तिला एवढाच वेळ होता. पट्ट्यापाशी थांबली असती तर पुढची पिशवी हुकली असती. तिचा आक्काला राग आला नाही. मग आतून कार्ड पडलं: 'आक्काच्या हातची'. तेव्हा मात्र तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

धाकटी परतीचा माल न्यायला आली तेव्हा पोती दाराशी बांधून ठेवली होती.

"शंभरात बारा येतायत," आक्का म्हणाली. "अठराशे. अठ्ठ्याऐंशींवर टाकलेस तर वीस पडतात एकीवर. माझ्या वेळी दहा पडत होते. दोन वाचवायला गेलीस आणि दहा घालवलेस."

"हिशेब मलाही येतो."

"मग माझे एकोणीस होतात. मी सोळाच मागतेय."

धाकटी पोत्याची गाठ पाहत राहिली. "ह्यांनी तेरा म्हटलंय," ती हळूच म्हणाली. "तेराला ये. तुझं भाडं थकलंय, मला कळलंय. तेराला ये ना आक्का."

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. आक्काची किंमत एकोणीस आहे हेही, आणि भाडं थकलेली बाई तेरालाही येईल हेही. मधल्या सहांचं काय होणार, हे विचारायची गरज नव्हती. ते पंधरा टक्क्यांच्या पुढे जाऊन बसले असते.

"नाही येत," आक्का म्हणाली. "एक कर फक्त. ते कार्ड काढ. माझं नाव काढ त्यातून."

"कार्ड पाच हजार छापलीयत. संपायची आहेत अजून." धाकटी खाली वाकली आणि पोतं उचलू लागली. "त्याचा रुपया किमतीत धरलेला आहे."

आक्काने तिला पोतं रिक्षापर्यंत न्यायला मदत केली. काय करणार, बहीण होती, आणि पोतं जड होतं. जाताना धाकटी एवढंच म्हणाली, की आता पत्ता बदलते, आणि उसवून आलेल्या पिशवीचे पैसे शेडवालीच्या मजुरीतून कापायचे ठरलंय, म्हणजे त्या नीट शिवतील. आक्काने ते ऐकलं आणि दार लावून घेतलं.

महिन्याच्या शेवटी हातगाडी पुन्हा आली. मशीन मुलाच्या घरी बाल्कनीत गेलं. त्याच्यावर चादर आक्कानेच घातली. सूनबाईने वेळेवर जेवायला वाढलं, आणि मुलगा म्हणाला, "बरं झालं आलीस, तुला तिथे त्रासच होता." चप्पल अजून धड होती, एवढं बरं.

काही आठवड्यांनी एका दुपारी नात शाळेतून रडत आली. तिच्या हातात बाटली होती, आणि पिशवीचा पट्टा जमिनीवरून लोळत होता. ही पिशवी निळी नव्हती, नवीन होती. सूनबाईने ती पट्ट्यासकट आक्काच्या मांडीवर ठेवली.

"आई, निळी जुनी झाली म्हणून मागवली. तुम्ही आताशा दमता, म्हणून तुम्हाला सांगितलं नाही. तुमचं नाव होतं वर, तेव्हा म्हटलं आपलंच आहे." तिला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "पण पहिल्याच दिवशी तुटली हो."

आक्काने पट्टा पाहिला. एकच टाका. "मी नाही शिवली ही," असं ती म्हणाली असती, पण हातात कार्ड होतं, आणि कार्डावर लिहिलं होतं.

"परत पाठव," ती म्हणाली.

"राहू दे हो, एवढ्याशा पिशवीसाठी—"

"पाठव म्हणते ना. फुकट घेऊन जातात."

फुकट कशाचं. जातानाचे पंचावन्न, येतानाचे पासष्ट, पाकिटाचे पाच, आणि मातीत लोळलेली ही पिशवी पुन्हा विकली जाणार नाही. दीडशेच्या पुढे. आक्काला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं, अगदी पोटातून बरं वाटलं. बसू दे एक दणका त्या पंधरा टक्क्यांना.

सूनबाईने फोन काढला. "कारण विचारतंय. बाटली बसत नाही, रंग वेगळा, शिवण उसवली. शिवण उसवलीच लिहू ना?"

आक्काने तोंड उघडलं, आणि तिला पोतं उचलणारी धाकटी आठवली. शिवण उसवली लिहिलं, की ह्या पिशवीचे पैसे कुणाच्या मजुरीतून जाणार, ते तिला ठाऊक होतं. सगळं मोजून झालं की शेवटी हात मशीनवरच्या बाईपाशी येतो. तो पुठ्ठा तिने वाचला होता.

"काहीच लिहू नकोस," ती म्हणाली. "ठेव तो फोन."

ती बाल्कनीत गेली, चादर बाजूला केली, मशीनवर बसली. पट्टा जागेवर धरला आणि टाका मारला, पुढे, मागे, पुन्हा पुढे. सोळा होते, अकरा झाले, नऊ झाले. हे आता फुकट. नातीने पट्टा दोन्ही हातांनी ओढून पाहिला. तो हलला नाही.

"आजी, छान शिवतेस तू," ती म्हणाली.

सूनबाईलाही बरं वाटलं असावं, किंवा सासूला बरं वाटावं असं वाटलं असावं. तिने पुन्हा फोन घेतला, साइटवर 'आक्काच्या हातची'चं पान उघडलं आणि पिशवीला पाच तारे दिले. खाली लिहिलं, शिवण मजबूत आहे. मग तिने ते सासूला वाचून दाखवलं.